कम्फर्ट की स्पोर्ट? पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं ते कुणासाठी

फेब्रुवारी २०१९मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३०० बाजारात आली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीच्या स्टिअरिंगला नॉर्मल, कम्फर्ट आणि स्पोर्ट असे तीन मोड दिले होते. ह्युंदाईने त्याआधीच काही गाड्यांमध्ये ‘फ्लेक्स स्टिअर’ या नावाने हीच तीन नावं आणली होती. एमजीच्या अ‍ॅस्टरमध्ये नॉर्मल, अर्बन आणि डायनॅमिक अशी नावं आली. बऱ्याच गाड्यांमध्ये स्टिअरिंगला वेगळा मोड नसतो, पण गाडीचा एकूण ड्राइव्ह मोड स्पोर्टवर नेला की त्याच्याबरोबर स्टिअरिंगही बदलतं.

या मोडबद्दल गाडीमालकांमध्ये काही समजुती पक्क्या झाल्या आहेत. स्पोर्टमध्ये गाडी जास्त चटकन वळते, कम्फर्टमध्ये मोटरवर जास्त ताण येतो, स्पोर्ट ठेवलं तर बॅटरी वाचते आणि टायरही कमी झिजतात, अशा त्या समजुती. पार्किंगच्या वेगाला या सगळ्या तपासून पाहता येतात, कारण गाडी उभी असताना किंवा चालत्या माणसाच्या वेगाने सरकत असतानाच स्टिअरिंगच्या मोटरला सर्वांत जास्त काम पडतं. हा हिशेब नीट मांडला की मोडचा खरा आवाका कळतो. मोडने आपल्या हाताला जाणवणारा जोर बराच बदलतो. गाडीच्या, टायरच्या आणि मोटरच्या बाजूने मात्र जवळजवळ काहीच बदलत नाही.

हात आणि मोटर यांच्यातली वाटणी

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये चाकं वळवायला दोघे जण असतात, आपला हात आणि एक विजेची मोटर. स्टिअरिंगचा दांडा खाली जाऊन एका छोट्या दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला जोडलेला असतो. पिनियन फिरलं की रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि पुढची चाकं वळतात. मोटर गाडीनुसार स्टिअरिंगच्या दांड्यावर, पिनियनपाशी किंवा थेट रॅकवर बसवलेली असते. ही पद्धत मोटारगाडीत पहिल्यांदा आली ती १९८८मध्ये, जपानमध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत. त्याआधीच्या हायड्रॉलिक पद्धतीत इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब सतत तयार ठेवायचा, मग आपण वळत असू की सरळ जात असू. विजेची मोटर गरज असेल तेव्हाच काम करते आणि किती काम करायचं हे तिला सॉफ्टवेअर सांगतं. स्टिअरिंगला मोड देता आले ते यामुळेच.

मोटरला आपली इच्छा कळते ती दांड्यात बसवलेल्या एका बारीक पोलादी सळईमुळे. आपण चक्र फिरवलं की ही सळई किंचित पिळली जाते. पार्किंगमध्ये हा पीळ साधारण दोन अंशांच्या आतच असतो, पण शेजारचा सेन्सर तो मोजतो आणि आपण किती जोर लावतोय ते संगणकाला कळवतो. जोराचं हे मोजमाप म्हणजे टॉर्क, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. संगणकाकडे गाडीच्या वेगाची माहितीही येत असते. दर वेगासाठी त्याच्याकडे एक आलेख असतो : हाताने इतका टॉर्क लावला तर मोटरने इतका जोर द्यायचा.

ताशी शंभर किलोमीटर वेगासाठी हा आलेख बराच सपाट असतो, म्हणून तिथे मोटर थोडीच मदत करते. शून्य ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात तो सुरुवातीला थोडा सुस्त राहतो आणि मग एकदम उभा चढतो. हाताने दोन-तीन न्यूटन-मीटर ओलांडले की मोटर भराभर जोर वाढवत नेते. चाकांचा विरोध कितीही वाढला तरी हाताला त्यातला थोडाच भाग जाणवतो, तो यामुळे.

मोड बदलला की बदलतो तो मुख्यतः हा आलेख. कम्फर्टमध्ये हाताच्या कमी टॉर्कलाच मोटर तेवढी मदत देऊ लागते आणि स्पोर्टमध्ये तेवढ्याच मदतीसाठी हाताने थोडा जास्त टॉर्क लावावा लागतो. याशिवाय चक्र किती वेगाने मध्यावर परत यावं आणि त्याची थरथर किती दाबायची यांचे आकडेही काही गाड्यांमध्ये मोडबरोबर बदलतात. रॅक आणि पिनियनचे दात मात्र तेच असतात. त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्र स्पोर्टमध्येही तितकेच फेरे फिरतं, आणि गाडीला वळायला लागणारी जागाही तीच राहते. कमी फेऱ्यांत चाकं वळवायची असतील तर वेगळी यंत्रणा लागते. बीएमडब्ल्यूने २००३च्या फाइव्ह सिरीजमध्ये दिलेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह स्टिअरिंग’मध्ये ती होती. तिथे दांड्यातच जादा गिअर आणि मोटर बसवून चक्र आणि चाकं यांचं प्रमाणच बदललं जायचं. कम्फर्ट आणि स्पोर्टचं बटण असं काही करत नाही. स्पोर्टमध्ये गाडी चटकन वळल्यासारखी वाटते खरी, पण तो हाताला लागलेल्या वजनाचा परिणाम असतो.

एका गाडीचा हिशेब

आता ही वाटणी आकड्यांत पाहू. आकडे एका मध्यम आकाराच्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीसाठी समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येक गाडीत ते वेगळे असतील, पण त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदलणार नाही.

गाडी कोरड्या डांबरावर उभी आहे आणि आपण चक्र फिरवतो. चाक पुढे-मागे सरकत नसल्यामुळे टायरचा जमिनीला टेकलेला तळ जागच्या जागी पिळला जातो आणि रबर डांबरावर घासतं. हा विरोध मोडून रॅक सरकवायला सुमारे ७,००० न्यूटन, म्हणजे सातशे किलोच्या आसपास जोर लागतो असं धरू. चक्राच्या एका फेऱ्यात रॅक साधारण साडेचार सेंटिमीटर सरकतं. त्या हिशेबाने चक्रावर सुमारे ५० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. चक्राच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साडेअठरा सेंटिमीटर असेल तर मोटरच्या मदतीशिवाय कडेवर साधारण २७ किलोचा जोर लावावा लागेल. पॉवर स्टिअरिंग बंद पडलेली गाडी ढकलत पार्क करताना घाम का फुटतो, ते यावरून कळतं.

या पन्नासापैकी नॉर्मल मोडमध्ये हात ४ न्यूटन-मीटर देतो आणि मोटर ४६. कम्फर्टमध्ये हात ३, मोटर ४७. स्पोर्टमध्ये हात ५, मोटर ४५. कडेवरच्या जोराच्या भाषेत सांगायचं तर कम्फर्टमध्ये सुमारे १.६ किलो, नॉर्मलमध्ये २.२ आणि स्पोर्टमध्ये पावणेतीन किलो. एखादं सत्तावीस किलोचं पोतं दोघांनी उचलावं, त्यातले पंचवीस-एक किलो दुसऱ्याने पेलावेत आणि आपल्या वाट्याचं वजन दीड किलो असावं की पावणेतीन, एवढ्यावरच चर्चा व्हावी, तसा हा मामला आहे.

कम्फर्टवरून स्पोर्टवर गेलो की हाताचा भार ३ वरून ५ होतो, म्हणजे दोनतृतीयांशाने वाढतो. हा फरक कुणालाही लगेच कळेल. मोटरचा भार मात्र ४७ वरून ४५ वर येतो, म्हणजे चार टक्क्यांनी कमी होतो. चक्र सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवलं तर मोटर सुमारे २९० वॅटचं काम करते. वाटेतल्या नुकसानासकट ती बॅटरी आणि अल्टरनेटरकडून त्याच्या दीडपट ते दुप्पट वीज घेते, म्हणजे साधारण ३५ ते ४५ अँपिअर. दोन मोडमधला मोटरच्या कामाचा फरक जेमतेम १२-१३ वॅटचा आहे. पार्किंगची लाइट लावायलाही जवळपास तेवढीच वीज लागते. बॅटरी वाचवण्यासाठी किंवा मोटरचं आयुष्य वाढवण्यासाठी स्पोर्ट ठेवण्यात अर्थ नाही.

टायरच्या बाजूने तर काहीच फरक पडत नाही. चाक वळवायला लागणारे पन्नास न्यूटन-मीटर तिन्ही मोडमध्ये तेच आहेत. रबर तेवढंच घासतं आणि रॅक, बॉल जॉइंट, टाय रॉड यांच्यावर तेवढाच जोर येतो.

हलकं चक्र जे लपवतं

टायरचा हा खर्च खरोखर कमी करायचा असेल तर त्याला मोड नव्हे, गाडी थोडी सरकवणं उपयोगी पडतं. चाक फिरू लागलं की टायरचा टेकलेला तळ सतत बदलत राहतो. पिळलेलं रबर सुटतं, नवं खाली येतं आणि वळवायला लागणारा जोर निम्म्यापर्यंत उतरू शकतो. आपल्या उदाहरणात मोटरचा भार ४७ वरून बावीस-तेवीसवर येईल. कम्फर्ट आणि स्पोर्टमधला दोनाचा फरक यापुढे किरकोळ आहे.

अडचण अशी की हाताला हा मोठा फरक फारसा कळत नाही. पार्किंगचा आलेख उभा चढणारा असल्यामुळे विरोध निम्मा झाला तरी हाताचा टॉर्क तीनवरून कदाचित अडीचवरच येतो. बिनपॉवरच्या जुन्या गाड्यांत उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवणं हातालाच परवडायचं नाही, त्यामुळे गाडी किंचित सरकवत फिरवायची सवय आपोआप लागायची. आता ती वेगळी शिकावी लागते. उभ्या गाडीत चक्र पूर्ण फिरवून झाल्यावर डांबरावर उमटलेल्या काळ्या चंद्रकोरी दिसतात, ते टायरचं घासलेलं रबर असतं. स्पोर्टवर असताना चक्र जड लागल्यामुळे काही जण नकळत गाडी सरकवत वळवतात. अशांचे टायर कमी झिजले तर श्रेय त्या सवयीचं असतं.

समांतर पार्किंगमध्ये

रस्त्याच्या डाव्या कडेला, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी मागे घ्यायची आहे. आधी चक्र डावीकडे पूर्ण, मग मागे येत उजवीकडे पूर्ण, शेवटी सरळ. टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन फेरे धरले तर एका प्रयत्नात साडेपाच फेरे होतात. मान मागे वळलेली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, आणि दुसऱ्या हाताचा तळवा चक्रावर ठेवून ते फिरवणं अशी अनेकांची पद्धत असते. दीड किलोच्या जोराला तळव्याने चक्र सहज फिरतं. पावणेतीन किलोला तळवा घसरू लागतो, म्हणून कडा पकडून फिरवावी लागते, पकड बदलावी लागते, आणि त्या वेळात गाडी मागे सरकत असते. मनगट दुखणाऱ्या किंवा हातात कमी ताकद असलेल्या माणसाला हा फरक चांगलाच मोठा आहे. कम्फर्ट मोडचं खरं काम इथेच आहे. ह्युंदाईच्या माहितीपुस्तिकेतही हा मोड शहरात आणि पार्किंगसाठी वापरावा, स्पोर्ट महामार्गासाठी, असं सांगितलं आहे.

फिआटने १९९९च्या पुंटोमध्ये हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने केली होती. तिथे ‘सिटी’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की फक्त कमी वेगाला स्टिअरिंग आणखी हलकं व्हायचं आणि वेग वाढला की ती जादा मदत आपोआप निघून जायची. आजच्या कम्फर्ट मोडमध्ये हा हलकेपणा बऱ्याचदा वेगातही काही प्रमाणात उरतो. महामार्गावर चाकांचा विरोध मुळात कमी असतो आणि मोटरची मदतही थोडी, त्यामुळे तिथे हाताचा वाटा मोठा असतो. अशा वेळी एखाद्या न्यूटन-मीटरचा फरकही चक्र सैल किंवा घट्ट वाटायला पुरतो. पार्किंगसाठी कम्फर्ट घेतला असेल तर मोठ्या रस्त्याला लागल्यावर नॉर्मलवर आलेलं बरं.

मात्र मोड बदलताना चक्र वळवत असाल तर बदल लगेच जाणवेलच असं नाही. ह्युंदाईच्या पुस्तिकेनुसार चक्र फिरवत असताना मोड बदलला तर पडद्यावरचं नाव लगेच बदलतं, पण हाताला लागणारं वजन ते वळण संपल्यावर बदलतं. हा बिघाड नव्हे. हातात पेललेला भार अर्ध्या वळणात अचानक कमी-जास्त होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे.

जड झालंय, पण मोडमुळे की आणखी कशामुळे?

मोड असलेल्या गाडीत पार्किंगमध्ये चक्र जड लागलं की पहिला संशय मोडवर जातो. तो खरा की खोटा हे जडपणाच्या स्वभावावरून ओळखता येतं. मोडचा जडपणा गाडी सुरू केल्यापासून असतो, डावीकडे-उजवीकडे सारखाच असतो आणि मोड बदलला की जातो.

सुरुवातीला चक्र हलकं होतं, पण अरुंद जागेत पाच-सहा वेळा पुढे-मागे केल्यावर हळूहळू जड होत गेलं, तर ती मोटरची उष्णता. सर्वांत जास्त ताप होतो तो चक्र टोकाला नेऊन तिथेच दाबून धरल्यावर. मोटर फिरत नाही, पण जोरात प्रवाह ओढत राहते आणि तो सगळा उष्णतेत जातो. मोटर जळू नये म्हणून संगणक मदत कमी करत नेतो. काही मिनिटं थांबलं की मदत परत येते. उन्हाळ्यात हे लवकर होतं. टोकाला पोचल्यावर हात किंचित सैल सोडणं हा यावरचा साधा उपाय आहे.

इंजिन मंद चालू असताना, एसी आणि हेडलाइट लावलेले असताना जडपणा येत असेल, चक्र फिरवताना दिवे मंद होत असतील आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर चक्र हलकं होत असेल, तर बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासावा. एकदम चाळीस अँपिअर मागणाऱ्या मोटरला जुनी बॅटरी पुरी पडत नाही.

दोन्हीकडे सारखाच जडपणा, पण तिन्ही मोडमध्ये, तर आधी पुढच्या टायरमधली हवा पाहावी. हवा कमी असेल तर टेकलेला तळ मोठा होतो आणि पन्नासाचे साठ होतात. एकाच बाजूला वळताना जड लागत असेल तर कारण मोडमध्ये नसतं, कारण आलेख दोन्ही बाजूंना सारखाच असतो. अशा वेळी सेन्सरचा मध्य बिघडला आहे का आणि चाकांची अलाइनमेंट ठीक आहे का, हे पाहावं लागतं. एका फेऱ्यात दोनदा, ठरावीक जागीच चक्र अडखळत असेल तर दांड्यातला युनिव्हर्सल जॉइंट आखडलेला असण्याची शक्यता मोठी. आणि डॅशबोर्डवर उद्गारचिन्हासह चक्राचं चिन्ह पेटलं असेल, तर मोटरची मदतच कमी किंवा बंद झालेली असू शकते. मोडचं बटण तिथे काही करू शकत नाही. गाडी थेट वर्कशॉपमध्ये दाखवावी.

काट्याने मोजून पाहा

आपल्या गाडीत पार्किंगच्या वेळी मोडने खरोखर किती फरक पडतो, हे घरच्या घरी मोजता येतं. सगळ्या कंपन्या सगळ्या वेगांना सारखा फरक ठेवत नाहीत. काही गाड्यांत उभ्या असताना तिन्ही मोड जवळजवळ सारखेच लागतात आणि फरक वेगात कळतो.

सामान तोलायचा हूक असलेला काटा घ्यावा. सपाट, कोरड्या जागेवर गाडी उभी करून हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू ठेवावं. हूक चक्राच्या कडेला, आरा कडेला मिळतो तिथे अडकवावा आणि काटा आऱ्याला काटकोनात ठेवून, म्हणजे चक्र फिरतं त्याच दिशेने, सावकाश आणि एकसारखा ओढावा. चक्र फिरू लागल्यानंतर स्थिर राहिलेला आकडा घ्यायचा, सुरुवातीच्या झटक्याचा नाही. मोड बदलायचा, चक्र मध्यावर आणायचं, गाडी जरा पुढे-मागे करून पिळलेला टायर मोकळा करायचा आणि त्याच जागी पुन्हा मोजायचं. प्रत्येक मोडची दोन-तीन मोजमापं घेतली तरी पुरे. मोटर तापू नये म्हणून मध्ये थोडं थांबावं.

आकडे समोर आले की त्यांची तुलना एका ठरलेल्या मर्यादेशी करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या स्टिअरिंगविषयक नियम ७९ मध्ये, ताशी दहा किलोमीटर वेगाने ठरावीक वळण घेताना प्रवासी गाडीच्या चक्रावर १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १५ किलोपेक्षा जास्त जोर लागू नये असं म्हटलं आहे. आपल्या काट्यावर उभ्या गाडीतही दीड, दोन, तीन किलो दिसतील. स्पोर्ट मोड सुद्धा त्या मर्यादेच्या फार खाली आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्न सुरक्षिततेचा किंवा यंत्राच्या आयुष्याचा उरत नाही. तो हाताच्या सोयीचा आहे. पार्किंगमध्ये कम्फर्ट लावण्यात कमीपणा नाही आणि स्पोर्ट लावण्यात कसली बचतही नाही. चक्र फिरवताना गाडी थोडी सरकत ठेवली, तर टायर, मोटर आणि बॅटरी या तिघांचीही खरी बचत होते, मग मोड कोणताही असो.